म्हशीच्या दुधाचं मोझरेला ताणलं का जात नाही?

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वहिनी एका सकाळी झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. आत पांढरे, चकचकीत, लिंबाएवढे गोळे होते. "भाऊजी, हे मोझरेला म्हणून केलं. गरम पाण्यात घातलं, मळलं, पण ताणायला गेलं की तुटतंय बघा. पनीरच झालंय की हे." एक गोळा मी हातात घेऊन दाबला. तो रबरासारखा दबला, परत वर आला आणि ओढल्यावर काठाशी खडबडीत होऊन फाटला. हे पनीर नव्हतं. पनीर भुसभुशीत तुटतं. या गोळ्यात ताण होता, पण तो सुटलेला नव्हता.

मी दुग्धतंत्र शिकलो आहे आणि काही वर्षं डेअरीत चीजच्या खात्यात काम केलं आहे. सोलापुरात घरी मोझरेला करू पाहणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची गाडी याच ठिकाणी अडते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कृती गाईच्या दुधाची असते आणि पातेल्यात म्हशीचं दूध असतं. हा लेख तेवढ्याच गोष्टीसाठी आहे: लिंबूसत्त्व आणि दूध गोठवणारं रेनेट वापरून, म्हशीच्या दोन लिटर दुधाचं, ताणलं जाणारं मोझरेला. विरजण लावून करण्याच्या पद्धतीचा उल्लेख ओघात येईल, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यात आंबटपणा तासागणिक सरकत राहतो आणि इथल्या उन्हाळ्यात तो हातातून निसटतो.

आधी गोधडी समजून घ्या

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते दुधात सुटं नसतं, बारीक गोळ्यांच्या रूपात असतं, आणि त्या गोळ्यांना आतून बांधून ठेवण्याचं काम कॅल्शियम आणि फॉस्फेट करतात. जुन्या लुगड्यांच्या थरांना टाके घालून गोधडी शिवतात ना, तसंच. टाके फार दाट असले तर गोधडी ताठ होते, घडीही नीट पडत नाही. सगळे टाके उसवले तर थर सुटे होतात आणि गोधडीच उरत नाही. मोझरेला ताणलं जायला टाके अर्धेमुर्धे उसवलेले लागतात. इतके, की गरम केल्यावर प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकावेत, पण एकमेकांना सोडून जाऊ नयेत.

टाके उसवण्याचं काम आम्ल करतं. दूध जसं आंबट होत जातं तसं बांधलेलं कॅल्शियम विरघळून पाण्यात उतरतं आणि पुढे निवळीबरोबर, म्हणजे गोठलेल्या दुधाचा चक्का निथळताना सुटणाऱ्या पिवळसर पाण्याबरोबर, निघून जातं. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका खाली, आंबटपणा तितका जास्त. ताजं दूध साधारण ६.६ ते ६.८ असतं. लिंबूसत्त्व घालून केलेलं मोझरेला ५.६ ते ५.७ या पट्ट्यात छान ताणलं जातं. विरजण लावून केलेल्याला मात्र ५.३ ते ५.१ पर्यंत खाली जावं लागतं. हा फरक वाचून पुष्कळजण गोंधळतात, म्हणून कारण सांगतो. लिंबूसत्त्व आपण दूध गोठण्याआधी, थंड दुधात घालतो. थंडीत हे कॅल्शियम जास्त सहज विरघळतं, शिवाय लिंबूसत्त्व स्वतःच कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यामुळे कमी आंबटपणातही पुरेसे टाके उसवतात. कुठल्या पद्धतीचा आकडा वाचतोय हे न बघता ५.२ गाठायला गेलात, तर लिंबूसत्त्वाच्या पद्धतीत चक्का नासलाच म्हणून समजा.

आता म्हशीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस घरोघरी ओळखीची आहे, लांब तलवारीसारख्या शिंगांची. तिचं असो की इतर जातीच्या म्हशीचं, दूध गाईच्या दुधापेक्षा दाट असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो दाटपणा नुसत्या सायीचा नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हशीच्या दुधात १८०च्या पुढेमागे. केसीनही जास्त. म्हणजे गोधडी जाड आणि टाकेही दाट. त्यातच, प्रथिन आणि फॉस्फेट जास्त असल्यामुळे हे दूध आम्ल पचवून टाकतं. तेवढंच लिंबूसत्त्व गाईच्या दुधात घातलं तर आकडा झरकन खाली येतो, म्हशीच्या दुधात तो रेंगाळतो. परदेशी कृतीतल्या 'गॅलनला दीड चमचा' या मापाचा हिशोब लिटरला दोन ग्रॅमच्या आतबाहेर येतो. गाईला ते पुरतं, म्हशीला पुरत नाही.

वहिनींच्या पातेल्याचा तपास

वहिनींनी दोन लिटर दुधाला चार ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं होतं. निवळी त्यांनी टाकली नव्हती, कणीक भिजवायला ठेवली होती, हे बरं झालं. मोजली तर ५.९ आली. पाणी किती गरम होतं विचारलं तर म्हणाल्या, "हात घालवेल इतकं." हात घालवतो ते पाणी फार तर पंचेचाळीस-पन्नास अंश असतं. म्हणजे दोन दोष एकाच वेळी होते, आणि अशा वेळी कुठला किती ते वेगळं केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. म्हणून आम्ही उरलेल्या चक्क्याचे तीन भाग करून तीन वाट्या मांडल्या.

पहिल्या वाटीत ६५ अंशांचं पाणी. तुकडे कडेने मऊ झाले, पण एकमेकांना चिकटले नाहीत, ओढल्यावर सरळ तुटले. दुसऱ्या वाटीत ८० अंशांचं पाणी. इथे फरक डोळ्यांना दिसला. तुकडे चकाकू लागले, एकजीव झाले, ओढल्यावर चार बोटं लांबले आणि मग फाटले. फाटलेली कड करवतीसारखी होती. तिसऱ्या भागाला आधी अर्धा तास कोमट निवळीत बुडवून ठेवलं होतं. त्या निवळीत लिंबूसत्त्व घालून तिचा पीएच ५.३ पर्यंत उतरवला होता. मग तेही ८० अंशांच्या पाण्यात टाकलं. बाहेरचा थर धाग्यासारखा हातभर लांबला आणि मधोमध एक गाठ राहिली. आम्ल आतपर्यंत पोचलं नव्हतं, ती ही गाठ.

तीन वाट्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पाणी थंड असेल तर चांगला चक्काही ताणला जाणार नाही, म्हणून संशय आधी पाण्यावर घ्यायचा. आणि पाणी बरोबर करूनही चार बोटांवर फाटतं, तेव्हा आंबटपणा कमी पडला आहे. तिसऱ्या वाटीची युक्ती अडलेल्या वेळी थोडं वाचवते, पण तिच्या भरवशावर राहू नका. चक्का जितका मोठा, तितकी आतली गाठ मोठी.

दूध कुठलं घ्यायचं

रतिबाचं निरसं दूध सगळ्यात उत्तम, तेही सकाळच्या धारेचं. पण घरी आणल्यावर सवयीने ते गॅसवर चढवून उतू जाईपर्यंत तापवू नका. उकळल्यावर निवळीतली प्रथिनं बिघडून केसीनच्या गोळ्यांना चिकटतात. मग रेनेट नीट लागत नाही, गोठण लिबलिबीत राहतं आणि पुढे कितीही मळलं तरी रवाळपणा जात नाही. टेट्रापॅकचं दूध याच कारणाने बाद होतं, ते उकळीच्याही वर तापवलेलं असतं. पिशवीतलं पाश्चराइज्ड फुल क्रीम दूध चालू शकतं, मात्र होमोजिनाइज्ड असेल तर गोठण नाजूक येतं. पावडर मिसळून केलेलं टोन्ड दूध या कामाला घेऊ नका.

निरसं दूध तसंच वापरायचं का, तर नाही. कच्च्या दुधातून आजार येतात, आणि ताणताना चक्का जेमतेम साठ अंशांना काही मिनिटंच असतो, तेवढ्यावर विसंबू नये. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचं भांडं ठेवा, दूध ६३ अंशांवर न्या आणि अर्धा तास तिथेच धरा. अधूनमधून ढवळा. मग भांडं लगेच गार पाण्यात ठेवून दूध थंड करा आणि फ्रिजमध्ये १० अंशांच्या खाली आणा.

थर्मामीटर घेतलात तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, शंभराला नाही. तुमचा थर्मामीटर ९५ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यात तेवढा फरक धरा.

पीएचसाठी पट्टीपेक्षा पेनासारखं मीटर बरं. पट्टीचा रंग दुधात नीट वाचता येत नाही, आणि आपलं सगळं काम एका दशांशाच्या फरकावर आहे. मीटरबरोबर ४ आणि ७ च्या पुड्या येतात, त्यांच्या द्रावणात ते दर वेळी जुळवून घ्या. लिंबूसत्त्व मोजायला चमचा नको, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा.

आम्ल घालण्याची पायरी

सगळी करामत इथेच आहे, म्हणून घाई करू नका. थंड दुधाचा नमुना वाटीत काढा, तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मोजा. थंडगार दूध मोजलं तर आकडा खरा असतो त्यापेक्षा वर दिसतो. ६.६ ते ६.८ आला तर ठीक. ६.४ च्या खाली असेल तर दूध आधीच आंबायला लागलं आहे, आणि उन्हाळ्यात हे होतंच. ७ च्या जवळ गेला तर त्या दुधावर विश्वास ठेवू नका. कासदाह झालेल्या जनावराचं दूध असेल, किंवा दूध टिकावं म्हणून कोणी सोडा टाकला असेल. सोडा टाकलेलं दूध तुमचं आम्ल गिळून टाकतं आणि तुम्ही चक्क्याला दोष देत बसता.

दोन लिटर दुधासाठी चार ग्रॅम लिंबूसत्त्व अर्धा पेला थंड पाण्यात विरघळवा. दूध सावकाश ढवळत, बारीक धारेने सोडा. दूध थंड असायला हवं ते यासाठीच. कोमट दुधात आम्ल पडलं की जिथे पडतं तिथे लगेच गुठळ्या होतात. पाच मिनिटं थांबा, नमुना काढा, कोमट होऊ द्या, मोजा. मग अर्ध्या अर्ध्या ग्रॅमने वाढवत जा. प्रत्येक वेळी थोड्या पाण्यात विरघळवूनच.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे आम्ही हेच केलं. दूध सुरुवातीला ६.७ होतं. चार ग्रॅमवर ५.९ आलं, म्हणजे आदल्या दिवशीच्या निवळीचाच आकडा. पाच ग्रॅमवर ५.७५च्या आसपास आलं. साडेपाच ग्रॅमवर ५.६५, आणि तिथे थांबलो. लिटरला पावणेतीन ग्रॅम. पण हा आकडा पाठ करून ठेवू नका. तो त्या दिवशीच्या त्या दुधाचा आहे. म्हशीचं वेत, चारा, गवळ्याचं पाणी, उन्हाळा, या सगळ्यांनी तो इकडेतिकडे होतो. ५.६ ते ५.७ हा पट्टा मात्र बदलत नाही.

या पायरीला कॅल्शियम क्लोराइडचा विषय निघतो. पाश्चराइज्ड दुधाचं गोठण घट्ट यावं म्हणून गाईच्या दुधात ते थोडं घालतात. म्हशीच्या दुधात घालू नका. आपण जे टाके उसवायला बसलो आहोत तेच पुन्हा घालण्यासारखं आहे. एकाने 'घट्ट येईल' म्हणून दुप्पट घातलं होतं. गोठण दगडासारखं आलं आणि गरम पाण्यात तुकडे वेगवेगळे राहिले, एकमेकांना लागलेच नाहीत.

गोठवणं आणि निथळणं

दूध मंद आचेवर ३२ ते ३५ अंशांवर आणा. कडेला बारीक कण दिसले तर घाबरू नका, आंबट दुधात ते येतात, पण चाळिशीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर दूध फाटेल.

रेनेट वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं, शाकाहारी मिळतं. डब्यावर दिलेल्या प्रमाणात घ्या आणि अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात, वापरायच्या अगदी आधी विरघळवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन रेनेट मारतं आणि बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर तेही त्याला सोसत नाही. पाणी उकळून घेतल्याने क्लोरिनचा प्रश्न मिटतो. बोअरचं पाणी इथे टाळाच. दुधात घातल्यावर अर्धा मिनिट ढवळा आणि मग हात लावू नका. आंबट दुधात रेनेट झपाट्याने काम करतं, पाच ते दहा मिनिटांत दूध खरवसासारखं थरथरतं घट्ट होतं. सुरी तिरकी घालून उचलली तर चीर स्वच्छ पडावी आणि तिच्यात पारदर्शक निवळी भरावी. चीर खडबडीत, निवळी दुधाळ, तर आणखी पाच मिनिटं.

दोन बोटं रुंद चौकोन कापा, पाच मिनिटं तसेच ठेवा. मग हलक्या हाताने ढवळत दहा-पंधरा मिनिटांत ४० अंशांपर्यंत न्या. तुकडे आक्रसून चिवट होतील. चाळणीत मलमलचं कापड अंथरून निथळा. पिळू नका, साय निघून जाते. दोन लिटर म्हशीच्या दुधाचा शेवटी तीनशे ग्रॅमच्या आसपास मोझरेला होतो.

निवळीचा पीएच इथे पुन्हा एकदा मोजा आणि लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं तर याच आकड्यावरून ते उलगडतं.

लिंबूसत्त्वाच्या पद्धतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चक्का ठेवून दिल्याने आंबटपणा वाढत नाही. 'आणखी तासभर ठेवा, मग ताणेल' हा सल्ला विरजणाच्या पद्धतीचा आहे, तिथे जिवंत जिवाणू आम्ल बनवत असतात. इथे जेवढं घातलं तेवढंच. विरजणाचा चक्का करणाऱ्यांनी मात्र दर वीस मिनिटांनी थोडा तुकडा गरम पाण्यात ताणून बघावा. एप्रिल-मेमध्ये घरात चाळीस अंश असताना तो योग्य पट्टा पाहता पाहता ओलांडला जातो.

गरम पाणी

सगळा चक्का एकदम पाण्यात टाकू नका. सुपारीएवढा तुकडा घ्या, ८० अंशांच्या पाण्यात दीड मिनिट ठेवा, चमच्यावर घडी घालून दाबा, मग हळू ओढा. चकाकी आली, वीतभर तरी लांबला, आणि ओढलेला पट्टा उजेडात धरल्यावर त्यात सरळ रेषा दिसल्या, तर पुढे जा.

पाणी ८० अंशांचं असलं तरी चक्का तेवढा गरम होत नाही, आणि खरं महत्त्व चक्क्याच्या आतल्या तापमानाला आहे. तिथे ५८ ते ६२ अंश लागतात. त्याखाली धागे सरकत नाहीत. नवीन माणूस इथे चुकतो तो असा: पाणी ८० वर तापवतो, गॅस बंद करतो आणि फ्रिजमधून काढलेला तीनशे ग्रॅम चक्का त्यात टाकतो. दोन मिनिटांत पाणी साठच्या खाली येतं आणि चक्का आतून पस्तीसलाच असतो. म्हणून चक्का कोमट असतानाच ताणायला घ्या, दीड बोटाचे तुकडे करा, त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी घ्या, आणि पाणी ७० च्या खाली उतरलं की ओतून दुसरं गरम घ्या. शेजारच्या शेगडीवर दुसरं पातेलं तयार ठेवलेलं बरं. पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घाला.

पाणी ९० च्या वर नेऊनही भागत नाही. मग साय वितळून तवंग येतो, पाणी दुधाळ होतं आणि मोझरेला कोरडा, चिवट होतो. म्हशीच्या दुधात साय जास्त, त्यामुळे हे नुकसान डोळ्यांना लगेच दिसतं.

लाकडी चमच्याने तुकडे दाबून एकत्र करा, उलथून घडी घाला. हाताने करायचं तर सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे चढवा. दोन-तीन मिनिटांत तो चकचकीत, मऊ गोळा होतो. मग ओढा, घडी घाला, पुन्हा ओढा. सहा-सात वेळा पुरे. जास्त मळलंत तर पाणी आणि साय निघून जाऊन तो टणक होतो. नव्या माणसाला ताणण्याचा आनंद आवरत नाही, वहिनींचंही पहिल्या यशाच्या वेळी तेच झालं. "भाऊजी, बघा की, साडीच्या पदरासारखा उलगडतोय!" म्हणत त्यांनी पंधरा वेळा तरी ओढला असेल. चव चांगली होती, पण दुसऱ्या दिवशी किसायला जड गेला.

बिघडलंच तर ओळखायचं कसं

गोळा रबरी आहे, दाबला तर परत येतो, ओढल्यावर थोडा लांबून करवतीसारखा फाटतो आणि गरम पाणी स्वच्छ राहतं. हे कॅल्शियम जास्त राहिल्याचं लक्षण. आधी पाण्याचं आणि चक्क्याच्या आतलं तापमान तपासा. ते बरोबर असेल तर निवळीच्या नोंदीकडे जा. बहुधा ५.८ च्या वर आकडा सापडेल. हा चक्का फेकू नका, तव्यावर परतायला चांगला लागतो.

याच्या उलट, चक्का गरम पाण्यात पडताच मऊ होऊन विरघळायला लागतो, पाणी दुधासारखं पांढरं होतं, हातात पिठासारखा लगदा येतो. हे टाके फार उसवल्याचं, म्हणजे आम्ल जास्त झाल्याचं लक्षण. पाणी आणखी तापवलं तर तो आणखी विरघळतो. सत्तर अंशांच्या जास्त मिठाच्या पाण्यात पटकन दाबून जेवढा एकत्र येईल तेवढा घ्या. तो ताणला जाणार नाही, पण पराठ्यात भरता येतो. झालेला आंबटपणा मागे फिरवता येत नाही. सोडा घालून बघायचा मोह टाळा, साबणासारखी चव येते.

तिसरा प्रकार रव्याचा. दाणे मऊ होतात, चकाकतही नाहीत, एकमेकांना लागतही नाहीत. इथे आंबटपणा ५.६५ असला तरी उपयोग नाही. दूध कुठेतरी जास्त तापलेलं आहे. तुम्ही उकळलं असेल, किंवा घरी यायच्या आधीच कोणी उकळलं असेल. उकळत्या दुधात व्हिनेगर घालून फाडलेल्या पनीरचंही असंच होतं. त्यात रेनेटची जाळी तयारच झालेली नसते आणि निवळीतली प्रथिनंही चक्क्यात अडकलेली असतात. त्याला कितीही गरम पाण्यात बुडवा, पनीर पनीरच राहतं.

ताणून झालेला गोळा आकार देऊन लगेच थंड, थोड्या खारट पाण्यात सोडा. त्यात बर्फ घाला, नाहीतर उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट असतं. वीस मिनिटांनी काढा, कोरडा करा, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी पिझ्झावर तो थोडा पाणी सोडतो आणि अडखळत वितळतो. एक-दोन दिवसांनी सुटं पाणी प्रथिनांत मुरतं आणि किसही मोकळा पडतो. चार-पाच दिवसांत संपवा.